पंचवीस पौंडांची तूट: शैक्षणिक शुल्काच्या प्रवासात पैसे कोठे गळतात?

जुलै-ऑगस्ट उजाडला की ब्रिटनमधील मराठी घरांत भारतातून एक ठरावीक दूरध्वनी येतो. भाचीला किंवा पुतण्याला विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो, वडिलांनी बँकेतून शुल्क धाडलेले असते, स्विफ्टची प्रत हातात असते. आणि तरीही विद्यापीठ कळवते की पैसे पूर्ण पोहोचलेले नाहीत. पलीकडून प्रश्न येतो, "आम्ही तर अगदी बरोब्बर रक्कम पाठवली होती, मग मधले पैसे खाल्ले कोणी?" या प्रश्नाचे उत्तर बँकेच्या शाखेत सहसा मिळत नाही, कारण तेथील लिपिकालाही पैसा शाखेच्या दारातून बाहेर पडल्यावर कोणत्या वाटेने जातो हे ठाऊक असतेच असे नाही.

एक उदाहरण घेऊ. त्यातील दर व रकमा हिशोब समजण्यापुरत्या घेतल्या आहेत. घडण मात्र नेहमीचीच आहे. नाशिकच्या एका शिक्षक दांपत्याच्या मुलीला इंग्लंडच्या मध्य भागातील एका विद्यापीठात एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. वर्षाचे शुल्क २४,००० पौंड. त्यातील निम्मे, म्हणजे १२,००० पौंड, जमा झाल्याखेरीज विद्यापीठ 'कॅस' देणार नव्हते. कॅस म्हणजे प्रवेश पक्का असल्याची विद्यापीठाने ब्रिटिश गृहखात्याच्या प्रणालीत केलेली नोंद. तिच्या क्रमांकाशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्जच करता येत नाही. वडिलांनी नेमके १२,००० पौंड पाठवले. चार दिवसांनी विद्यापीठाचा ईमेल आला: ११,९७५ पौंड मिळाले, २५ पौंड बाकी.

पौंडातील हा पैसा विमानाने थेट विद्यापीठात उतरत नाही. नाशिकची शाखा अर्ज मुंबईच्या विदेशी चलन विभागाकडे धाडते. (घरचे खाते एखाद्या नागरी सहकारी बँकेत असेल तर वाट आणखी एका टप्प्याने लांबते, कारण विदेशी चलन व्यवहारांचा पूर्ण परवाना अशा बहुतेक बँकांकडे नसतो व त्या दुसऱ्या बँकेमार्फत काम करतात.) भारतीय बँकेचे लंडनमधील एखाद्या मोठ्या बँकेत स्वतःचे पौंडांतील खाते असते, त्याला 'नोस्ट्रो' म्हणतात. स्विफ्ट हा केवळ संदेश आहे: "आमच्या खात्यातून इतके पौंड काढा आणि विद्यापीठाच्या बँकेला द्या." लंडनची ती मध्यस्थ बँक तो आदेश पाळते आणि आपल्या श्रमाचे मोल घेते. ते कोणाकडून घ्यायचे, हे त्या संदेशातच एका तीन अक्षरी संकेताने सांगितलेले असते.

संदेशातील `71A` या रकान्यात तीनपैकी एक संकेत येतो. `OUR` म्हणजे वाटेतील सर्व आकार पाठवणारा भरेल. `SHA` म्हणजे पाठवणारा आपल्या बँकेचा आकार भरेल, त्यापुढचे सारे घेणाऱ्याच्या रकमेतून वळते होईल. `BEN` म्हणजे सगळाच भार घेणाऱ्यावर. बँकांच्या नव्या आयएसओ २००२२ संदेशात हेच अनुक्रमे `DEBT`, `SHAR` आणि `CRED` या नावांनी दिसतात. नाशिकच्या वडिलांनी भरलेल्या अर्जातही हा रकाना होता. छोट्या टाइपात, दुसऱ्या पानावर. तो कोरा राहिला, आणि कोऱ्या रकान्याचा अर्थ बँका सर्वसाधारणपणे `SHA` असा धरतात. पंचवीस पौंड गेले ते येथे. कोणी चोरी केली नाही, कोणी चूकही केली नाही. पाठवणाऱ्याने न वाचता दिलेली ती संमती होती.

मग `OUR` लिहिले की झाले, असे मात्र नाही. हा संकेत पाळण्यासाठी मध्यस्थ बँकेला आपला आकार मागे, म्हणजे भारतीय बँकेकडे, मागावा लागतो; आणि भारतीय बँक त्यासाठी ग्राहकाकडून आधीच एक ठोक रक्कम घेऊन ठेवते. साखळीत दोन मध्यस्थ असतील आणि दुसऱ्याशी असा करार नसेल, तर कपात होऊ शकते. अमेरिकेत हा अनुभव अधिक येतो. शिवाय विद्यापीठाची स्वतःची बँक परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेवर आपल्या खातेदाराकडून आकार घेत असेल, तर पाठवणाऱ्याने लिहिलेल्या संकेताचा तिला अटकाव नसतो. पौंडातील शुल्कासाठी डॉलर पाठवणे ही तर स्वतःहून ओढवून घेतलेली तूट आहे. तेथे घेणारी बँक आपल्या दराने डॉलरचे पौंड करते आणि अंतिम आकडा आधी कोणालाच सांगता येत नाही. मागणीपत्र ज्या चलनात, त्याच चलनात पैसे पाठवावेत.

पंचवीस पौंडांचे महत्त्व रकमेत नाही, ते विद्यापीठाच्या आणि व्हिसाच्या हिशोबपद्धतीत आहे. विद्यापीठाच्या संगणकाला ११,९७५ आणि १२,००० यांतील फरक 'अपूर्ण' एवढाच कळतो. काही विद्यापीठे अशी किरकोळ तूट सोडून देतात, पण तसे नियमात लिहिलेले नसेल तर कॅस अडकते. आणि कॅस मिळाली तरी प्रश्न उरतो. व्हिसासाठी विद्यार्थ्याने उरलेले शुल्क आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते. लंडनबाहेर हा खर्च २०२५ च्या उन्हाळ्यात महिना १,१३६ पौंड, म्हणजे नऊ महिन्यांचे १०,२२४ पौंड धरला जात होता. ११ नोव्हेंबर २०२५ पासून तो महिना १,१७१ पौंड झाला. नाशिकच्या कुटुंबाने उन्हाळ्यातील हिशोब केला तो उरलेले १२,००० अधिक १०,२२४, असे २२,२२४ पौंड. कॅसवर मात्र भरलेले शुल्क ११,९७५ असे नोंदले गेले, तर उरलेले शुल्क १२,०२५ होते आणि लागणारी रक्कम २२,२४९. नेमकी बेतून ठेवलेली शिल्लक पंचवीस पौंडांनी अपुरी ठरते, आणि या नियमात 'जवळपास पुरेसे' अशी कोणतीही पायरी नाही.

ही तूट भारतातून पुन्हा स्विफ्टने भरणे म्हणजे अडीच-तीन हजार रुपयांसाठी हजार-दीड हजाराचा आकार देणे आणि पुन्हा वाटेत कपात होऊ देणे. अशा वेळी रेडिंगमधला मामा उपयोगी पडतो. विद्यापीठाच्या शुल्क पानावर भाचीचा विद्यार्थी क्रमांक टाकून डेबिट कार्डाने पंचवीस पौंड भरले की त्या दिवशीची अडचण मिटते. पुढच्या हप्त्यासाठी सोपा उपाय म्हणजे थोडे अधिक पाठवणे. वर्षाचे शुल्क अजून देणे असताना १२,००० ऐवजी १२,०४० पौंड आले, तर वरचे चाळीस विद्यापीठ पुढील बाकीत वळते करते. प्रवेशपत्रावर पूर्ण वर्षाचे शुल्क लिहिलेले असल्याने भारतीय बँकेलाही त्यात हरकत घेण्यासारखे काही नसते. अखेरच्या हप्त्याला मात्र ही युक्ती नको; वरची रक्कम परत मिळवणे हा वेगळाच व्याप होतो.

दिसणारी कपात आणि न दिसणारी

पंचवीस पौंडांवरून कुटुंब आठवडाभर अस्वस्थ असते, पण खरा पैसा दुसरीकडेच गेलेला असतो. ज्या दिवशी बाजारात पौंडाचा मध्यदर ११६.५० रुपये असेल, त्या दिवशी बँकेने ११८.५० ने पौंड विकले, तर १२,००० पौंडांवर २४,००० रुपये दरातच गेले. पंचवीस पौंडांचे त्याच दराने २,९६२ रुपये होतात. म्हणजे न दिसणारी कपात दिसणाऱ्या कपातीच्या आठपट झाली. पावतीवर ती कोठेही 'आकार' म्हणून येत नाही. शाखेत विचारावयाचा प्रश्न "तुमचा चार्ज किती?" हा नसून "आज एकूण किती रुपये खात्यातून जातील आणि विद्यापीठाला किती पौंड मिळतील?" हा आहे. हा दर अनेक बँकांत, विशेषतः मोठ्या रकमेसाठी, मागितल्यास काही पैशांनी, क्वचित रुपयानेही, खाली येतो. न मागितल्यास येत नाही.

उदाहरणातील बाकीचा हिशोब असा. ११८.५० दराने १४,२२,००० रुपये झाले. चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसून नियमाने ठरवलेल्या छोट्या मूल्यावर असतो. येथे तो १,०६६ रुपये येतो. त्याने घाबरण्याचे कारण नाही. मोठा आकडा टीसीएसचा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. त्यात १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही, आणि २०२५-२६ या वर्षात शिक्षणासाठी त्यावरच्या रकमेवर तो पाच टक्के होता. नाशिकच्या वडिलांकडून ४,२२,००० वर २१,१०० रुपये वसूल झाले. कलम ८०ई मध्ये बसणाऱ्या वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले असते तर हा आकडा शून्य असता.

टीसीएस हा खर्च नव्हे, तो आगाऊ घेतलेला प्राप्तिकर आहे. तो पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदाराला तो मालकाकडे कळवून पगारातून कापल्या जाणाऱ्या करातही समायोजित करून घेता येतो. तरीही प्रवेशाच्या ऐन हंगामात तेवढी रोकड अडकते. दहा लाखांची मर्यादा माणशी असल्याने आई आणि वडील यांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर निम्मे-निम्मे पाठवले असते तर पहिल्या हप्त्यावर टीसीएस लागलाच नसता. पण मग स्विफ्ट दोन, मध्यस्थाची कपात दोनदा, आणि विद्यापीठाकडे दोन वेगवेगळ्या नावांनी आलेले पैसे एकाच मुलीच्या खात्यावर लागण्याची वाट पाहणे. परत मिळणाऱ्या एकवीस हजारांसाठी न परत मिळणारे पाच हजार घालवायचे का, हे ज्या त्या घराने ठरवावे. कर्जाऐवजी बचतीतून वर्षभराचे २४,००० पौंड जाणार असतील तर मात्र दोघांनी मिळून भार वाटून घेण्यात अर्थ आहे.

तीन वाटा आणि मामाची चौकट

बँकेची थेट स्विफ्ट ही एक वाट झाली. दुसरी म्हणजे विद्यापीठाने नेमलेली शुल्कसंकलन सेवा. फ्लायवायर, कन्व्हेरा ही नावे अनेक विद्यापीठांच्या पानांवर आढळतात. येथे विद्यार्थी विद्यापीठाला द्यावयाचे पौंड आधी लिहितो, सेवा रुपयांतील रक्कम सांगते आणि ती ठरावीक मुदतीपर्यंत बांधून ठेवते. पालक भारतातच रुपये भरतात. योजनेचे नियम, पॅन, ए-टू अर्ज आणि टीसीएस येथेही चुकत नाहीत. फायदा असा की विद्यापीठाला ठरलेले पौंड पूर्ण पोहोचवण्याची जबाबदारी सेवेची असते, आणि विद्यार्थी क्रमांक संदेशासोबत आपोआप जातो. किंमत दरात मिसळलेली असते. म्हणून तुलना दोन आकड्यांचीच: बँकेकडून पूर्ण १२,००० पौंड पोहोचण्यासाठी एकूण रुपये किती, आणि सेवेकडून किती. ही तुलना एकाच दिवशी, शक्य तर एकाच तासात करावी; सोमवारच्या दराशी गुरुवारच्या दराची तुलना निरर्थक ठरते. मुदतीत रुपये पोहोचले नाहीत तर बांधलेला दर सुटतो, हेही ध्यानात असावे.

तिसरी वाट या संकेतस्थळाच्या वाचकांच्या दारातून जाते. "भाऊजी, मी इथूनच भरून टाकतो, तुम्ही नंतर द्या," असे मामा सहज म्हणतो. तांत्रिकदृष्ट्या ही सर्वांत स्वच्छ वाट आहे. ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये फास्टर पेमेंट्सने पौंड गेले तर मध्यस्थ नाही, चलनबदल नाही, कपात नाही. संदर्भासाठी अठरा अक्षरे मिळतात आणि विद्यार्थी क्रमांक त्यात सहज मावतो. अनेक विद्यापीठे नातेवाइकांकडून शुल्क स्वीकारतात, पण काही जण पैसे देणाऱ्याचे नाते व ओळख विचारतात, म्हणून आधी विचारून घेणे बरे. व्हिसा नाकारला गेला तर परतावा ज्याने भरले त्याच्याकडेच जातो, हेही दोन्ही घरांत आधी बोलून ठेवावे.

अडचण त्या 'नंतर द्या' या दोन शब्दांत आहे. मामाने भेट म्हणून शुल्क भरले तर प्रश्न नाही. परत घ्यायचे असेल तर वडील मामाच्या लंडनच्या खात्यात पैसे पाठवू शकतात, पण तेव्हा तो शिक्षणाचा व्यवहार राहत नाही. शुल्कासाठी लागू असलेला `S0305` हा उद्देश संकेत तेथे चालत नाही. तो व्यवहार भेट वगैरे सदरात जातो, आणि त्या सदराला २०२५-२६ मध्ये दहा लाखांवरच्या रकमेवर पाच नव्हे, वीस टक्के टीसीएस होता. उदाहरणातील ४,२२,००० वर तो २१,१०० ऐवजी ८४,४०० रुपये होतो. कपातीचे पंचवीस पौंड वाचवायला निघालेल्या घराची तेवढी रोकड परताव्यापर्यंत अडकून पडते.

रुपयांतच फेड करायची तर निवासी भारतीय आपल्या अनिवासी नातेवाइकाला त्याच्या एनआरओ खात्यात रुपयांची भेट देऊ शकतो; तीही अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजली जाते. येथे 'नातेवाईक' शब्दाची व्याख्या कंपनी कायद्यातून येते, आणि ती मराठी घरातल्या नात्यांपेक्षा अरुंद आहे. भाऊ-बहीण त्यात आहेत, मेहुणा नाही. म्हणजे मामाच्या खात्यात रुपये वडिलांनी नव्हे, आईने आपल्या खात्यातून द्यावयाचे. काका असेल तर वडिलांनी. एनआरओमधील ते रुपये मामाला पुढे ब्रिटनमध्ये आणायचे असतील तर त्यासाठी पुन्हा कागदपत्रे आहेत, त्यामुळे ज्याला भारतात रुपयांची गरज आहे अशाच मामाला ही सोय उपयोगी.

आणि जी वाट अनेक घरांत गुपचूप वापरली जाते ती टाळावीच: मामाने इकडे पौंड भरायचे आणि वडिलांनी तिकडे मामाच्या घराच्या डागडुजीसाठी कोणाला तरी रोख रुपये द्यायचे. दोन देशांत परस्पर उरकलेला हा हिशोब अधिकृत बँकेला वगळून होतो आणि फेमाच्या कलम ३ च्या कक्षेत येऊ शकतो. भावना आणि हेतू दोन्ही निर्मळ असले तरी त्यामुळे कायद्याचे स्वरूप बदलत नाही.

पावती कोणाची?

पैसे गेल्यावर पालकांच्या हाती दोन कागद येतात. एक, खाते नावे टाकल्याची बँकेची सूचना. दुसरा, स्विफ्ट संदेशाची प्रत. पहिला सांगतो की पैसे निघाले. दुसरा सांगतो की आदेश गेला. पैसे पोहोचले, असे या दोहोंपैकी एकही सांगत नाही. (काही पालक बँकेत 'एफआयआरसी' मागतात, ते भारतात येणाऱ्या पैशाचे प्रमाणपत्र आहे, जाणाऱ्याचे नव्हे. टीसीएससाठी मागायचे ते टीसीएसचे प्रमाणपत्र.) व्हिसा अधिकाऱ्याला हवी असते ती कॅसवरील नोंद, आणि ती अद्ययावत नसेल तर विद्यापीठाने स्वतः दिलेली पावती. स्विफ्टची प्रत कितीही शिक्के मारून जोडली तरी तिची जागा घेऊ शकत नाही.

स्विफ्टची प्रत तरीही जपावी, कारण पैसे रेंगाळले तर शोध तिच्यावरूनच लागतो. तिच्यात यूईटीआर नावाचा, आडव्या रेघांसह ३६ अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो शाखेच्या व्यवहार क्रमांकाहून वेगळा असून साखळीतल्या प्रत्येक बँकेत तोच राहतो. त्यावरून पाठवणारी बँक पैसे कोणत्या बँकेत, केव्हा पोहोचले आणि कोणी किती वळते केले हे पाहू शकते. "स्टेटस काय आहे?" असे विचारल्यास "प्रोसेस झाले" एवढेच उत्तर मिळते, यूईटीआर देऊन "विद्यापीठाच्या खात्यात जमा झाल्याची वेळ आणि वळती केलेली रक्कम सांगा" असे लेखी विचारल्यास बँकेला नेमके उत्तर देता येते. प्रतीत `33B` समोर मूळ आदेशाची आणि `32A` समोर त्या टप्प्यावर पुढे गेलेली रक्कम असते. पालकांकडील प्रत पहिल्या टप्प्याची असल्याने तेथे दोन्ही आकडे बहुधा सारखेच दिसतात, आणि "कागदावर तर पूर्ण आहे" हा गैरसमज तेथूनच जन्मतो.

पावती उशिरा येण्याचे आणखी एक कारण अगदी घरगुती आहे. पैसे वडिलांच्या नावाने येतात, विद्यापीठाच्या लेखा विभागाला विद्यार्थिनी हवी असते, आणि सप्टेंबरच्या तोंडावर त्यांच्या यादीत पाटील, शिंदे, जाधव काही कमी नसतात. संदेशातील तपशिलाच्या रकान्याला पस्तीस अक्षरांच्या चार ओळी असतात. शाखेत तो रकाना 'फी फॉर हायर स्टडीज' अशा शब्दांनी भरला जातो आणि विद्यार्थी क्रमांक शेवटी ढकलला जातो किंवा कापला जातो. पहिल्याच ओळीच्या आरंभी क्रमांक आणि त्यापुढे मुलीचे नाव पासपोर्टप्रमाणे, एवढेच पुरे असते:

```
/RFB/21458837
PATIL ANANYA TUITION FEE
```

येथील क्रमांक व नाव नमुन्यादाखल आहेत. अर्ज सही करून देण्यापूर्वी ही ओळ शाखेने संगणकात कशी टाकली ते पडद्यावर पाहून घ्यावे. पैसे पाठवल्याच्या दिवशीच स्विफ्टची प्रत विद्यापीठाच्या लेखा विभागाला विद्यार्थी क्रमांकासह ईमेल केली, तर 'ओळख न पटलेल्या रकमा' या ढिगातून ती लवकर बाहेर निघते.

विद्यापीठाची पावती आली की तिच्यात पाच गोष्टी ताडून पाहाव्यात: विद्यार्थिनीचे पूर्ण नाव, तिचा क्रमांक, मिळालेली रक्कम पौंडांत, मिळाल्याची तारीख आणि उरलेली बाकी. कॅस येईल तेव्हा तीवरील 'भरलेले शुल्क' हा आकडा त्या पावतीशी जुळतो का ते पाहावे. कॅस आधी निघाली आणि रक्कम नंतर जमा झाली असेल तर आकडा जुना राहतो. विद्यापीठ तो सुधारून देऊ शकते, मात्र व्हिसाचा अर्ज सादर होण्यापूर्वी ते मागावे लागते. नाशिकच्या मुलीने तसे मागितले. मामाने भरलेले पंचवीस पौंड धरून कॅसवर १२,००० ची नोंद झाली, आणि २२,२२४ पौंडांचा मूळ हिशोब पुन्हा बरोबर आला.